आक्काचे दहा हजार: चक्रवाढ व्याजाच्या व्हाइटबोर्ड स्क्रिप्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यावल-रावेर पट्ट्यातल्या बचत गटांच्या बैठकीत दाखवायला साडेचार मिनिटांचा एक व्हाइटबोर्ड व्हिडिओ आम्ही केला. पांढरा बोर्ड, चित्रं काढणारा एक हात आणि मागून एक आवाज, एवढाच मामला. स्क्रिप्ट मी लिहिली. पुढे काही शिक्षकांनी आणि गटांच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे गावातल्या गटांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्यांनी, ती मागून घेतली, आणि मग तेच तेच प्रश्न येऊ लागले. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आक्का खरी बाई आहे का?

नाही, ती स्क्रिप्टपुरती आहे. वय पन्नाशीच्या आतबाहेर. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या करून विकते आणि एका हंगामातले 10,000 रुपये बाजूला टाकते. नंतर त्यात एक रुपयाही घालत नाही. हे शेवटचं वाक्य कोणी बदलू नका. एका शाळेत कोणीतरी उत्साहाने "दरवर्षी थोडे थोडे टाकते" असं केलं. मग वाढलेली रक्कम व्याजामुळे वाढली की नव्या भरण्यामुळे, हे मुलांना सांगता येईना.

10,000 आणि 8 टक्केच का? 10 टक्के घेतले असते तर हिशेब सोपा झाला असता.

खरंच झाला असता. 11,000, मग 12,100, मग 13,310. आकडे पाठच होतात. पहिल्या मसुद्यात मी तेच घेतले होते. पण बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "दहा टक्के कोण देतं?" आणि पुढची चार मिनिटं त्यातच गेली. 8 टक्के ओळखीच्या जवळचे आहेत. 1 एप्रिल 2023 पासून पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्राला 7.7 टक्के दर लागू झाला. त्याचं व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळतं आणि पाच वर्षांनी सगळं एकरकमी हातात येतं. त्या दराने 10,000 चे पाच वर्षांत 14,490 होतात. आमच्या आक्काचे 14,693 होतात. म्हणजे आक्का थोडी नशीबवान आहे, पण थापा मारत नाही.

चक्रवाढ नेमकी कुठल्या फ्रेममध्ये समजते?

64 रुपयांच्या फ्रेममध्ये. स्क्रिप्टमधला जीव तिथेच आहे, म्हणून तो भाग जसाच्या तसा देतो.

चित्र: काळ्या मार्करने काढलेला 10,000 चा ढीग. शेजारी निळ्याने 800 चा छोटा ढीग.
आवाज: पहिलं वर्ष सरलं. शेकडा आठ म्हणजे दहा हजारांवर आठशे. आक्काने ते काढले नाहीत. तिथेच राहू दिले.

चित्र: त्याच ढिगांच्या बाजूला निळ्याने दुसरे 800. हात थांबतो.
आवाज: दुसरं वर्ष. दहा हजारांनी पुन्हा आठशे दिले. झाले अकरा हजार सहाशे. बरोबर?

चित्र: पासबुकाचं पान. त्यावर 11,664.
आवाज: पण पासबुकात तर चौसष्ट रुपये जास्त आहेत. ते कुठून आले?

इथे तीन सेकंद शांतता ठेवली आहे. मग हात मागे जातो आणि पहिल्या वर्षाच्या निळ्या ढिगातून एक बाण काढतो. बाणाच्या टोकाला लाल मार्करने 64. आवाज म्हणतो, "आठशेंनाही आठ टक्के मिळाले."

बाण मुद्दलातून निघता कामा नये, त्या 800 मधूनच निघाला पाहिजे. पहिल्या खेपेस आमच्या चित्रकाराने तो एकत्र 10,800 च्या ढिगातून काढला होता. हिशेबाला तेही बरोबरच आहे, कारण 10,800 चे आठ टक्के 864 होतात. पण बघणाऱ्याला 864 हा एक गोळा दिसला, त्यातले 64 वेगळे उमगले नाहीत. "व्याज जरा वाढलं" एवढंच बायकांनी सांगितलं. व्याज का वाढलं, हे एकीलाही सांगता आलं नाही.

तीन रंग कशाला? दोन पुरले नसते?

काळा म्हणजे मुद्दल, निळा म्हणजे मुद्दलाचं व्याज, लाल म्हणजे व्याजाचं व्याज. काळा कधी वाढत नाही. निळा दरवर्षी बरोबर 800 नेच वाढतो. धावतो तो फक्त लाल. दोनच रंग ठेवले की निळा आणि लाल मिसळतात आणि सरळ व्याज व चक्रवाढ व्याज यातला फरकच पुसला जातो.

तिसऱ्या वर्षी चौकस मुलं एक गंमत पकडतात. त्या वर्षी लाल भाग 133 रुपये 12 पैशांनी वाढतो. दोन निळ्या ढिगांचे, म्हणजे 1,600 चे आठ टक्के 128 होतात. मग वरचे 5 रुपये 12 पैसे कशाचे? ते गेल्या वर्षीच्या लाल 64 चे. व्याजाच्या व्याजाचं व्याज! त्याला चौथा रंग द्यायचा मोह आवरा. स्क्रिप्टमध्ये मी ते सगळं लालमध्येच ठेवलं आहे.

केळीच्या पिलांची उपमा होती म्हणे. का काढली?

मला ती फार आवडली होती. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, पिलांना पिलं फुटतात. केळीच्या पट्ट्यात यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं? रावेरकडच्या एका बैठकीत ते दाखवलं आणि मागून आवाज आला, "भाऊ, पिलं ठेवली तर घड वाया जाईल. ती कापावीच लागतात." सगळ्या हसल्या. बरोबरच होतं. पिलं खोडाचं खत-पाणी ओढतात म्हणून ती वेळोवेळी कापतात, आणि पिलबागेसाठी एखादंच राखतात. म्हणजे माझी उपमा ऐन मुद्द्यावर उलटी पडत होती. व्याज काढून घेणं शहाणपणाचं, असंच ती शिकवत होती.

मग शेळी आणून पाहिली. शेळी मरते, विकली जाते, बोकड व्यायचा नाही. उपमेचं गणित बोर्डावर निस्तरण्यापेक्षा सरळ पैशांचे ढीग काढलेले बरे.

सुरुवातीची वर्षं रटाळ वाटतात. थेट विसाव्या वर्षावर उडी मारली तर?

रटाळ आहेतच, आणि ते लपवू नये. दहाव्या वर्षी आक्काकडे 21,589 रुपये असतात. सरळ व्याजाने 18,000 झाले असते. दहा वर्षं थांबून साडेतीन हजारांचा फरक! विसाव्या वर्षी मात्र 46,610 विरुद्ध 26,000. त्यात काळे 10,000, निळे 16,000 आणि लाल 20,610. सतराव्या वर्षापर्यंत लाल ढीग निळ्याच्या मागेच असतो. अठराव्या वर्षी तो पुढे जातो. मला विचाराल तर व्हिडिओतली दुसरी महत्त्वाची फ्रेम तीच. पहिली सतरा वर्षं बोर्डावर नसतील तर तिचं काहीच वाटत नाही.

उडी मारण्यात चित्राचाही घोळ होतो. 1, 2, 3, 10, 20 अशी वर्षं सारख्या अंतरावर मांडली की दहाव्या वर्षी रक्कम रॉकेटसारखी उडाल्याचं दिसतं. प्रत्यक्षात ती तशी उडत नाही. बोर्डावर वीस खुणा सारख्या अंतराने आधीच काढून ठेवा, आवाज हव्या त्या वर्षांवर थांबू दे. आणि माप शेवटाकडून ठरवा. विसावा खांब पहिल्या ढिगाच्या साडेचार पटीहून उंच असतो. आम्ही पहिला ढीग ऐटीत अर्ध्या बोर्डाएवढा काढला आणि दहाव्या वर्षीच छताला लागलो.

आक्काने मध्येच एका वर्षाचं व्याज काढलं तर?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, बहुतेक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. लेक माहेरी आलेली असते, झोके बांधलेले असतात, तिला साडी घ्यायची असते. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी तो प्रसंगच घातला. पाचवं वर्ष पुरं होतं, त्या वर्षाचं व्याज 1,088 रुपये होतं, आणि आक्का ते काढून लेकीला साडी घेते. बाकीचे पैसे तसेच राहतात.

विसाव्या वर्षी तिला किती कमी मिळतील? बहुतेक जण म्हणतात 1,088. काही जण अंदाजाने दोन हजार म्हणतात. उत्तर आहे 3,453.

हे सूत्र न लावता बोर्डावर दाखवता येतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी आक्काकडे 13,605 होते. पाचव्या वर्षी त्यांचे 14,693 झाले. पाचव्या वर्षाचं व्याज काढलं की रक्कम पुन्हा 13,605 वर येते. म्हणजे पाचवं वर्ष झालंच नाही! घड्याळाचा काटा एक वर्ष मागे गेला. मग विसाव्या वर्षी तिच्या पासबुकात तेच असणार जे एरवी एकोणिसाव्या वर्षी असतं: 43,157. चित्रात हात वीस खुणांची अख्खी पट्टी धरून एक घर उजवीकडे सरकवतो. सगळ्यात शेवटचा, सगळ्यात उंच खांब बोर्डाबाहेर पडतो.

गेलं ते शेवटचं वर्ष, पाचवं नव्हे. त्या शेवटच्या वर्षाचं व्याज 3,453 आहे. एक वर्ष उशिरा सुरू करणाऱ्याचंही हेच होतं. त्याला वाटतं पहिल्या वर्षाचे 800 बुडाले, पण पट्टी त्याचीही शेवटूनच कापली जाते.

आणि दरवर्षी आखाजीला व्याज काढलं तर? मग दरवर्षी 800 हातात, विसाव्या वर्षी मुद्दल 10,000 तसंच, एकूण 26,000. म्हणजेच सरळ व्याज. बँकेच्या मुदत ठेवीच्या अर्जावर "व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात" की "मुदतीअखेर मुद्दलासह" असं विचारतात, ते हेच. अर्ज भरून देणारा घाईत पहिल्यावर खूण करतो, आणि दर तिमाहीला बचत खात्यात आलेले चार पैसे कधी खर्चले ते कळतही नाही.

साडी घेऊ नये असं मात्र स्क्रिप्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही. एका शिक्षकांनी ते वाक्य घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीची किंमत 3,453 रुपयांत बसत नाही. किंमत किती, एवढं आक्काला माहीत असलं की पुरे.

72 चा नियम वापरलात, पण नवव्या वर्षी दुप्पट होतच नाहीत!

पकडलंत. 72 ला दराने, म्हणजे 8 ने, भागलं की 9 येतात, म्हणून नऊ वर्षांत दुप्पट. आक्काकडे नवव्या वर्षाच्या शेवटी 19,990 रुपये असतात, दहा रुपये कमी. आधी आवाज "दुप्पट!" म्हणत होता आणि हात 20,000 लिहीत होता. भुसावळच्या एका नववीतल्या मुलीने वहीत गुणाकार करून आणून दाखवला. आता हात 19,990 लिहितो आणि आवाज म्हणतो, "जवळजवळ दुप्पट." तो नियम अंदाजाचाच आहे. 6 ते 10 टक्क्यांत छान चालतो, दर चढत गेला की चुकू लागतो.

आकडे स्वतः तपासायचे तर मोबाईलमधल्या स्प्रेडशीटमध्ये एका घरात हे टाका:

```
=10000*1.08^20
```

उत्तर 46609.57 येईल. 20 च्या जागी हवं ते वर्ष घाला. दरवर्षी रक्कम जवळच्या पूर्ण रुपयाला आणून पुढे गेलात तर विसाव्या वर्षी 46,608 येतात. ती तुमची चूक नव्हे, गोळाबेरजेचा फरक आहे.

आमच्या बँकेच्या पावतीवर वेगळा आकडा येतो. तुमचा चुकला का?

दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवर सहसा दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात. आठ टक्के असले तर दर तीन महिन्यांनी दोन टक्के. मग वर्षाअखेर 10,800 ऐवजी 10,824 रुपये 32 पैसे होतात आणि दहा वर्षांनी 21,589 ऐवजी 22,080. स्क्रिप्टमध्ये हे घेतलं असतं तर वर्षाला चार बाण काढावे लागले असते आणि 64 चा तो एक बाण गर्दीत हरवला असता. शाळेत वरच्या वर्गाला दाखवत असाल तर व्हिडिओ संपल्यावर खडूने काढून दाखवा.

आक्का पैसे ठेवते कुठे? पासबुकावर नाव का नाही?

मुद्दाम नाही. माझ्या वडिलांची ठेव एका पतसंस्थेत बरीच वर्षं अडकून पडली होती. पावतीवर छापलेला दर देखणा होता आणि चक्रवाढीचं गणितही चोख होतं, फक्त पैसे देणारा खिडकीवर नव्हता. आपल्या भागात अशा पावत्या अनेकांच्या कपाटात आहेत, त्यामुळे बोर्डावर कुठलंही नाव काढलं की लोक व्याज सोडून त्या नावाचीच चर्चा करतात.

बैठकीत विचारलं तर आम्ही एवढं सांगतो: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, दर ठेवीदाराला दर बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोघींच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात, म्हणून पावतीवरचं पूर्ण नाव वाचा.

महागाई आणि कराचं काय?

व्हिडिओत एकच वाक्य आहे: "वीस वर्षांनी 46,610 रुपयांत आजच्याइतकी ज्वारी येणार नाही." किती येईल ते सांगितलेलं नाही, कारण वीस वर्षांनंतरचा ज्वारीचा भाव सांगणारा अजून भेटलेला नाही. कराबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. व्याज मुदतीअखेर हातात येणार असलं तरी, रक्कम मर्यादेबाहेर गेल्यास बँक दरवर्षी त्यावर कर कापते. आक्काच्या आकड्यांना ती मर्यादा लागत नाही.

हेच कर्जाला लागू होतं का?

होतं, आणि खरं तर लोकांना चक्रवाढ तिकडूनच माहीत असते. "शेकडा दोन" म्हटलं की महिन्याला शंभरावर दोन रुपये, म्हणजे वर्षाला 24 टक्के, हे कोणाला समजावावं लागत नाही. दरमहा थकलेलं व्याज मुद्दलात चढवत गेलं तर 10,000 चे तीन वर्षांत 20,399 होतात. ज्या दुपटीला आक्काला नऊ वर्षं लागली, ती तिसऱ्या वर्षातच गाठली. मुंबई इलाख्यात कोर्टांनी मानलेला दामदुपटीचा जुना नियम याच भीतीतून आलेला दिसतो: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मात्र बोर्डावर ठेव आणि कर्ज एकत्र काढू नका. एकदा काढून पाहिलं, तेव्हा लाल रंग चांगला की वाईट यावरच वाद झाला.

दरमहा 500 टाकणाऱ्या बाईचं उदाहरण का नाही?

कारण प्रत्येक 500 ची वीस खुणांची पट्टी वेगळी. पाच वर्षांचे साठ हप्ते म्हणजे साठ पट्ट्या. त्याला वेगळा व्हिडिओ लागेल.

अहिराणीत केला तर चालेल का?

चालेल, करा. आम्ही आवाज प्रमाण मराठीत ठेवला, कारण यावल-रावेरकडे घरात लेवा बोली आणि धुळे-साक्रीकडे अहिराणी. एकीत केला तर दुसरीकडे परका वाटतो. फक्त पासबुकाच्या फ्रेममधला आक्काचा एक उद्गार धुळ्याच्या प्रतीसाठी शेजारच्या आजीकडून अहिराणीत करून घेतला: "हाई जास्तीनं कथाईन उनं?" त्या प्रतीत तीन सेकंदांची शांतता पाच सेकंदांची करावी लागली. प्रश्न ऐकला की बायका बोर्डाकडे न बघता एकमेकींना उत्तर सांगायला लागतात.